आयतावर अर्धवर्तुळ: ठरलेल्या परिमितीत सर्वांत मोठी कमानदार खिडकी

खाली आयत, वर त्याच्याच रुंदीचं अर्धवर्तुळ. चौकटीची एकूण लांबी ठरलेली आहे, तर खिडकी किती रुंद आणि किती उंच ठेवली म्हणजे तिच्यातून सर्वांत जास्त उजेड येईल? एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात हा प्रश्न १० मीटर परिमिती घेऊन विचारला आहे. अमेरिकन कॅल्क्युलसच्या पुस्तकांत याच खिडकीला ‘नॉर्मन विंडो’ म्हणतात. १०६६ नंतर नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये ज्या इमारती उभारल्या, त्यांच्या खिडक्या-दारांवर अशाच गोल कमानी असत. १०९३ मध्ये बांधायला घेतलेलं डरहॅमचं कॅथेड्रल हे त्यातलं ठळक उदाहरण.

इथे परिमिती ६ मीटर घेतली आहे. लोखंडी पाइप बाजारात साधारण ६ मीटरच्या, म्हणजे वीस फुटी लांबीत मिळतो. त्यामुळे ‘एका पाइपात बसणारी सर्वांत मोठी कमानदार चौकट’ हा खरोखर पडणारा प्रश्न आहे. रीत मात्र कुठल्याही परिमितीला तीच लागू पडते.

आधी ठरवा: परिमितीत काय येतं

गणित सुरू करण्याआधी कागदावर आकृती काढा आणि जिथे जिथे पाइप लागणार आहे त्या रेषा गडद करा. बहुतेक चुका या पायरीवर होतात. पुढची आकडेमोड बिनचूक असली तरी उत्तर वेगळ्याच खिडकीचं निघतं.

अर्धवर्तुळाची त्रिज्या r धरू. कमान आयताच्या पूर्ण रुंदीवर बसते, म्हणून आयताची रुंदी २r. आयताच्या उभ्या बाजूची उंची h. आता गडद रेषा मोजा: तळाची आडवी बाजू २r, दोन उभ्या बाजू मिळून २h आणि वरची कमान πr. आयताची वरची बाजू, म्हणजे आयत आणि अर्धवर्तुळ जिथे जुळतात तो व्यास, या खिडकीत अस्तित्वातच नाही. तिथे काच सलग आहे. म्हणून

P = २r + २h + πr

तिथे खरंच आडवी पट्टी असेल तर गणित बदलतं आणि उत्तराचा आकारही बदलतो. तो भाग पुढे येईल.

क्षेत्रफळ हे आयत आणि अर्धवर्तुळ यांची बेरीज:

A = २rh + πr²/२

r ऐवजी रुंदी x घेऊनही गणित सुटतं, पण तसं न करणं बरं. मग त्रिज्या x/२ होते, कमान πx/२ आणि अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ πx²/८. हा ८ विसरून २ किंवा ४ लिहिला जाणं ही या गणितातली नेहमीची घसरण आहे. त्रिज्याच चल म्हणून घेतली तर हे अपूर्णांक येतच नाहीत.

दोन चलांवरून एका चलावर

A मध्ये r आणि h असे दोन चल आहेत, पण ते स्वतंत्र नाहीत. पाइप ६ मीटरच असल्यामुळे एक ठरला की दुसरा आपोआप ठरतो. म्हणून परिमितीच्या समीकरणातून h काढून घ्या:

h = (P − २r − πr)/२

r काढून टाकून h ठेवण्यापेक्षा h काढून टाकणं सोपं, कारण r दोन्ही सूत्रांत π सोबत आणि वर्गातही येतो, तर h नुसता एकघाती आहे. ही किंमत A मध्ये ठेवली की

A = r(P − २r − πr) + πr²/२

कंस सोडवला की −πr² आणि +πr²/२ मिळून −πr²/२ उरतं:

A = Pr − (२ + π/२) r²

ही पायरी घाई न करता लिहा. २rh मधला २ आणि h च्या सूत्रातला भागाकाराचा २ एकमेकांना कापतात. तो कापायचा राहिला, तर पुढे सगळं चुकतं.

आता r कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो तेही लिहून ठेवा. r शून्यापेक्षा कमी असू शकत नाही, तसाच h सुद्धा. h = ० म्हणजे सगळा पाइप अर्धवर्तुळ आणि त्याच्या व्यासातच गेला. तेव्हा r = P/(२ + π), आणि P = ६ साठी तो १.१६७ मीटर येतो. म्हणजे r ची हद्द ० ते १.१६७ मीटर.

अवकलज काढणं आणि त्याचा अर्थ लावणं

r च्या संदर्भात A चा अवकलज, म्हणजे वर्गात ज्याला सगळे डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो, काढा. P स्थिर आहे:

dA/dr = P − (४ + π) r

तो शून्य केला की

r = P/(४ + π)

P = ६ मीटर घेतलं तर r = ६/७.१४१५९ = ०.८४०१५ मीटर. हाच r h च्या सूत्रात ठेवा:

h = (६ − ५.१४१५९ × ०.८४०१५)/२ = ०.८४०१५ मीटर

h आणि r एकच आले, आणि हा ६ या आकड्याचा योगायोग नाही. P तसाच ठेवून सोडवलं तरी h = P/(४ + π) हेच येतं. म्हणजे सर्वांत मोठ्या खिडकीत उभी बाजू कमानीच्या त्रिज्येइतकीच असते. रुंदी १.६८ मीटर, उभी बाजू ०.८४ मीटर आणि तळापासून कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची पुन्हा १.६८ मीटर. खिडकी जेवढी रुंद तेवढीच उंच.

अवकलज शून्य करून उत्तर काढलं की पुष्कळ जण तिथेच थांबतात. असं का झालं हे मात्र त्यात दिसत नाही. म्हणून अवकलजात P च्या जागी २r + २h + πr परत ठेवून पाहा. πr कापलं जातं, आणि उरतं ते असं:

dA/dr = २(h − r)

सगळं गणित या ओळीत आहे. कमान थोडीशी रुंद करायची तर वर आणि खाली जास्त पाइप लागतो. तो उभ्या बाजूंमधून घ्यावा लागतो, म्हणून h कमी होतो. त्रिज्या १ सेंटिमीटरने वाढवली तर तळ आणि कमान मिळून ५.१४ सेंटिमीटर पाइप जास्त खातात, आणि दोन्ही उभ्या बाजू प्रत्येकी २.५७ सेंटिमीटरने उतरतात. रुंदीमुळे मिळणारं क्षेत्रफळ आणि उंची गेल्यामुळे जाणारं क्षेत्रफळ यांचा हिशेब २(h − r) इतका उरतो. उभी बाजू त्रिज्येपेक्षा मोठी असेल तोवर खिडकी रुंद करण्यात फायदा, लहान झाली की रुंद करण्यात तोटा, आणि दोन्ही सारख्या झाल्या की काहीच हलवायला नको.

एक उदाहरण घ्या. कुणी १.२० मीटर रुंदीची चौकट आखली आहे. r = ०.६०, h = १.४५८. मग २(h − r) जवळपास १.७१५ होतं. याचं एकक ‘दर मीटर त्रिज्येमागे चौरस मीटर’. म्हणजे त्रिज्या १ सेंटिमीटरने वाढवली, तर तेवढ्याच पाइपात साधारण ०.०१७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७० चौरस सेंटिमीटर जास्त उघडी जागा मिळेल.

महत्तम आहे हे सिद्ध करणं

अवकलज शून्य असणं पुरेसं नाही, तिथे लघुतमही असू शकतं. द्वितीय अवकलज काढा:

d²A/dr² = −(४ + π)

हा ऋण आहे, आणि r कितीही असला तरी ऋणच राहतो. म्हणजे A चा आलेख खाली तोंड असलेला परवलय आहे. त्याला एकच शिखर, आणि ते r = ०.८४० वर. परीक्षेत एवढं लिहिलं की काम होतं. टोकं तपासून पाहायची तर r = ० ला क्षेत्रफळ शून्य, आणि r = १.१६७ ला, म्हणजे नुसत्या अर्धवर्तुळाला, २.१३९ चौरस मीटर. मधल्या उत्तराचं क्षेत्रफळ:

A = २ × ०.८४०१५ × ०.८४०१५ + π × ०.८४०१५²/२ = २.५२० चौरस मीटर

हे दोन्ही टोकांपेक्षा मोठं आहे. ताळा घेण्यासाठी एक छोटं सूत्र लक्षात ठेवा: या उत्तराशी A = Pr/२ असतं. ६ × ०.८४०१५ ÷ २ = २.५२०. दोन्ही वाटांनी आकडा जुळला म्हणजे आकडेमोड बरोबर.

तुलनेसाठी: याच ६ मीटरमध्ये सर्वांत मोठा आयत म्हणजे १.५ मीटर बाजूचा चौरस, क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर. पूर्ण वर्तुळ केलं तर २.८६५. आपली खिडकी या दोघांच्या मध्ये पडते. ते अपेक्षितच आहे, कारण तिला वरून वर्तुळ आणि खालून आयत व्हायची मुभा आहे.

कंपासने घेता येणारी परीक्षा

A = Pr/२ हे सूत्र आलं कुठून? आकृतीत कमानीचा केंद्रबिंदू घ्या, म्हणजे जुळणीच्या रेषेचा मध्य. तिथून सगळ्या बाजूंकडे बघा. कमान सगळीकडे r अंतरावर. दोन्ही उभ्या बाजू r अंतरावर. तळ h अंतरावर. h = r झालं की चौकटीची प्रत्येक बाजू केंद्रापासून सारख्याच अंतरावर येते. म्हणजे त्या केंद्रातून पूर्ण वर्तुळ काढलं तर वरचा अर्धा भाग कमानीवरच पडतो, बाजूंना ते टेकतं आणि खाली तळाला नेमकं स्पर्श करतं. केंद्रापासून तळापर्यंत आणि बाजूंपर्यंत त्रिकोण पाडा. प्रत्येकाचं क्षेत्रफळ ½ × बाजू × r. अर्धवर्तुळाचंही ½ × कमानीची लांबी × r. सगळ्यांची बेरीज ½ × P × r. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अंतर्वर्तुळाच्या त्रिज्येला अर्ध्या परिमितीने गुणून मिळतं, तेच इथे कमान असलेल्या आकाराला लागू पडलं आहे.

यामुळे आकृती पाहून उत्तर तपासता येतं. कमान काढताना कंपास तसाच पूर्ण फिरवा. वर्तुळ तळाच्या वर राहिलं तर खिडकी गरजेपेक्षा उंच आहे. तळाच्या खाली गेलं तर गरजेपेक्षा रुंद आहे. तळाला नुसतं टेकलं तर हीच सर्वांत मोठी. फरशीवर किंवा प्लायवर खडूने पूर्ण मापात आखणी करत असाल, तर केंद्रात खिळा आणि दोरी घेऊन हीच परीक्षा करता येते.

चुकलं तर कसं कळेल

काही चुका उत्तरातच ओरडून सांगतात. अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ πr²/२ ऐवजी πr² लिहिलं, तर A = Pr − २r² होतं आणि r = P/४ = १.५ मीटर येतो. तो h च्या सूत्रात ठेवला की h = −०.८५६. उंची ऋण आली म्हणजे मागे जाऊन क्षेत्रफळाचं सूत्र बघायचं. h काढून न टाकता, h स्थिर आहे असं समजून A चा अवकलज घेतला, तर २h + πr = ० येतं. दोन धन लांब्यांची बेरीज शून्य होऊच शकत नाही. इथे परिमितीची अट वापरायचीच राहून गेलेली असते.

काही चुका मात्र गप्प बसतात, आणि त्यांनाच जास्त जपायला हवं. कमानीची लांबी πr ऐवजी पूर्ण वर्तुळाची २πr लिहिली, तर r = P/(४ + ३π) = ०.४४७ मीटर आणि h = १.१४९ मीटर येतात. दोन्ही धन, दिसायला खिडकीसारखी खिडकी. द्वितीय अवकलजही ऋण येतो. काहीच संशय येत नाही. ही पकडायचा खात्रीचा उपाय एकच: आलेल्या r आणि h वरून आकृती समोर ठेवून चौकटीची लांबी नव्याने मोजा. २ × ०.४४७ + २ × १.१४९ + π × ०.४४७ = ४.५९६ मीटर. ६ मीटरपैकी १.४ मीटर पाइप शिल्लक राहिला. म्हणजे खिडकीत नसलेला पाइप सूत्रात मोजला गेला होता. हा ताळा तुमच्याच सूत्रावरून नाही, आकृतीवरून घ्यायचा. चुकलेल्या सूत्रात परत किमती ठेवल्या तर ६ च येणार.

π साठी २२/७ घेतल्याने काही बिघडत नाही. ४ + २२/७ = ५०/७ होतं, म्हणून ६ मीटरला r नेमका ०.८४ आणि १० मीटरला नेमका १.४ मीटर येतो. फरक ६ मीटरच्या चौकटीत मिलिमीटरच्याही आत आहे. फक्त उत्तर P/(π + ४) या रूपात विचारलं असेल तर शेवटपर्यंत π ठेवा.

मध्ये आडवी पट्टी असेल तर

प्रत्यक्षात बऱ्याच खिडक्यांमध्ये कमानीच्या खाली आडवी पट्टी असते. खाली उघडणारी झडप, वर बंद काच, आणि दोन्हीच्या मध्ये चौकटीचाच तुकडा. ही पट्टी त्याच ६ मीटरमधून कापायची असेल तर परिमितीच्या जागी पाइपची लांबी अशी होते:

P = ४r + २h + πr

बाकी रीत तीच. A = Pr − (४ + π/२) r², अवकलज P − (८ + π) r, आणि

r = P/(८ + π), h = २r

६ मीटरला r = ०.५३९ मीटर, रुंदी १.०७७ मीटर आणि उभी बाजूही १.०७७ मीटर. खालचा आयत चौरस झाला! पट्टीशिवाय आयताची उंची रुंदीच्या निम्मी होती, पट्टी आल्यावर उंची आणि रुंदी सारखी झाली. कारण सरळ आहे: आता रुंदी वाढवण्याला दोन आडव्या बाजूंचा खर्च पडतो, म्हणून आकार उंचीकडे झुकतो. क्षेत्रफळ १.६१६ चौरस मीटरवर येतं. २.५२० च्या मानाने हा मोठा तोटा आहे. तो पाहता शक्य असेल तर ती पट्टी हलक्या, वेगळ्या सेक्शनची घ्यावी आणि मुख्य पाइप तिच्यावर खर्च करू नये. पट्टीसाठी वेगळा तुकडा असेल तर ती परिमितीत धरायची नाही आणि h = r हेच उत्तर कायम राहतं.

म्हणूनच पहिल्या पायरीवर रेषा गडद करायला सांगितलं. ‘व्यास धरायचा की नाही’ हा प्रश्न नियमाने सुटत नाही. तिथे सामान लागतं का, एवढंच पाहायचं.

वरची काच रंगीत असेल तर

कमानीत रंगीत काच असेल तर क्षेत्रफळ आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी होतात. समजा कमानीतल्या काचेतून साध्या काचेच्या निम्मा उजेड येतो. परिमिती तीच, पट्टीशिवायची. आता महत्तम करायचं आहे ते

L = २rh + ½ × πr²/२

h ची किंमत ठेवून L = Pr − (२ + ३π/४) r², आणि r = २P/(८ + ३π). ६ मीटरला r = ०.६८९, h = १.२३० मीटर. h आणि r यांचं गुणोत्तर १ + π/४, म्हणजे सुमारे १.७९. वरचा भाग कमी उजेड देतो, म्हणून खिडकी अरुंद आणि उंच होऊन स्वच्छ काचेचा वाटा वाढवते. निम्म्याऐवजी दुसरा अंश असेल तर ½ च्या जागी तो लिहा. पायऱ्या बदलत नाहीत.

कारखान्यात उतरवताना

पाइपला जाडी असते. ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला तर r आणि h हे आतून, बाहेरून की मधोमध मोजायचे? पाइपच्या मधल्या रेषेवर मोजा, कारण वाकवताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते आणि मधल्या रेषेची लांबी जवळपास तशीच राहते. ६ मीटर ही लांबी तिथेच खरी ठरते. आतली उघडी जागा मग सगळीकडून २० मिलिमीटरने कमी होते: आतली त्रिज्या ०.८२ आणि आतली उभी बाजूही ०.८२. h = r हे नातं आतही टिकलं, बाहेरही टिकतं, कारण सगळ्या बाजू एकाच केंद्रापासून सारख्या सरकतात. त्यामुळे काचेची जागाही सर्वांत मोठीच राहते, आणि जाडीसाठी वेगळं गणित करावं लागत नाही. ती सुमारे २.४० चौरस मीटर भरते.

तुकडे असे निघतात: तळ १.६८० मीटर, दोन उभ्या बाजू ०.८४० मीटरच्या, आणि कमानीसाठी २.६३९ मीटर. बेरीज ५.९९९. कागदावर ठीक, पण कारखान्यात हे बसत नाही. रोलिंग मशिनमध्ये पाइपची दोन्ही टोकं रोलरच्या पकडीत पूर्ण येत नाहीत आणि सरळच राहतात, ती कापून टाकावी लागतात. शिवाय प्रत्येक कटात करवतीची जाडी जाते. म्हणून ६ मीटरवर गणित करू नका. जिथे पाइप वाकवणार त्या माणसाला टोकाला किती सरळ राहतं ते विचारा आणि तेवढी लांबी आधीच वजा करा. समजा दोन्ही टोकांचे मिळून ३० सेंटिमीटर गेले, तर P = ५.७ मीटर, r = ०.७९८ मीटर, आणि क्षेत्रफळ २.२७५ चौरस मीटर. पाइप ५ टक्के कमी झाला तर क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी उतरलं, कारण ते P च्या वर्गाच्या प्रमाणात आहे.

दुसरी अडचण भिंतीची. तिथे १.६८ मीटर रुंदीला जागाच नसते. मग नेमक्या मापापासून किती हललं तर चालेल? ६ मीटरच्या चौकटीसाठी हे आकडे पाहा (मापं मीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये):

| रुंदी | उभी बाजू | एकूण उंची | क्षेत्रफळ |
|---|---|---|---|
| १.२० | १.४५८ | २.०५८ | २.३१५ |
| १.५० | १.०७२ | १.८२२ | २.४९१ |
| १.६८ | ०.८४० | १.६८० | २.५२० |
| १.८० | ०.६८६ | १.५८६ | २.५०८ |
| २.०० | ०.४२९ | १.४२९ | २.४२९ |

रुंदी १.६८ वरून १.५० केली तरी क्षेत्रफळ जेमतेम १.१५ टक्के उतरतं. १.२० केली तर मात्र ८ टक्के जातात. त्रिज्या बरोबर मापापासून d इतकी हलली तर तोटा नेमका (२ + π/२) d², म्हणजे ३.५७ d² असतो. d चा वर्ग असल्यामुळे लहान चूक जवळपास फुकट जाते आणि मोठी चूक झपाट्याने महाग होते. d = ५ सेंटिमीटरला तोटा ०.००९ चौरस मीटर, १० सेंटिमीटरला त्याच्या चौपट. म्हणून १.६८ साठी भिंत फोडण्याची गरज नाही, १.५० किंवा १.८० घ्या आणि काच ज्या मापात कमी वाया जाते ते निवडा.

शेवटी वाकवण्याच्या मजुरीचा विचार. वाकवलेला पाइप सरळ पाइपपेक्षा महाग पडतो. लांबीऐवजी पैसे ठरलेले असतील तर कमानीच्या प्रत्येक मीटरला सरळ मीटरच्या k पट खर्च धरा आणि अट २r + २h + kπr = C अशी लिहा, जिथे C म्हणजे त्या पैशांत येणाऱ्या सरळ पाइपची लांबी. सोडवलं की h = r(१ + (k − १)π/२) येतं. k = १ ला h = r. k = १.५ ला h सुमारे १.७९ r. k = २ ला h सुमारे २.५७ r. कमान दुप्पट महाग असेल तर खिडकी चांगलीच उंच आणि अरुंद होते. k मध्ये फक्त मजुरी धरू नका. टोकांचा वाया गेलेला पाइप आणि कमानीसाठी गोल कापाव्या लागणाऱ्या काचेचा जास्तीचा दर, दोन्ही त्यात मिळवा, आणि दर ठरल्यावरच r काढा.